नोव्हेंबरच्या हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती?

प्रश्न : मी जून २०२३ मध्ये घरासाठी २५ लाख रुपयांचे कर्ज घेतले. दर ९ टक्के, मुदत २० वर्षे, हप्ता २२,४९३ रुपये आणि पहिला हप्ता ५ जुलै २०२३ रोजी गेला. नोव्हेंबर २०२४ च्या हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, हे एक्सेलमध्ये काढायला गेले, तर IPMT ने लाल रंगात उणे २,२५,००० दाखवले आणि PPMT ने शून्य. शिवाय एप्रिल २०२५ पासून बँकेने दर ८.७५ टक्के केला आहे, हप्ता मात्र तोच ठेवला आहे. त्यापुढच्या महिन्यांची विभागणी कशी काढावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्याला मिळालेला २,२५,००० हा आकडाच चूक कुठे झाली ते सांगतो, कारण २५ लाखांचे ९ टक्के बरोबर तेवढेच होतात. म्हणजे आपण दराच्या जागी वर्षाचा दर जसाच्या तसा लिहिला आणि मुदतीच्या जागी २४० महिने दिले. एक्सेलला वर्ष किंवा महिना यांतले काही कळत नाही. त्याच्या दृष्टीने २४० 'कालखंड' आहेत आणि प्रत्येक कालखंडाला ९ टक्के व्याज आहे. महिन्याला ९ टक्के दराने २५ लाख फेडायचे असतील, तर हप्ता जवळजवळ पूर्णपणे व्याजातच जातो आणि मुद्दलाला पहिली साडेतीन वर्षे पैसासुद्धा उरत नाही. म्हणून PPMT ने शून्य दाखवले. प्रत्यक्षात ते अगदी शून्य नव्हते, पण दोन दशांश स्थळांत दिसण्याइतके मोठेही नव्हते.

तेव्हा पहिला नियम असा की दर, मुदत आणि हप्त्याचा क्रमांक हे तिन्ही एकाच मापात असले पाहिजेत. हप्ता महिन्याचा असेल, तर दराला बाराने भागावे, मुदत महिन्यांत द्यावी आणि क्रमांकही महिन्यांचाच मोजावा. याच्या उलटी चूक अधिक फसवी असते. दराला बाराने भागून मुदतीच्या जागी मात्र २० लिहिले, तर एक्सेल वीस महिन्यांचे कर्ज समजते, सतराव्या हप्त्याचे व्याज म्हणून सुमारे ३,९७७ रुपये दाखवते आणि कुठलीही तक्रार करत नाही. एकविसावा महिना विचारला, की मगच #NUM! ही खूण येते, कारण हप्त्याचा क्रमांक एकपेक्षा कमी किंवा एकूण हप्त्यांपेक्षा जास्त असलेला या सूत्रांना चालत नाही.

आता मांडणी पाहू. कोऱ्या पानावर B1 मध्ये कर्जाची रक्कम 2500000, B2 मध्ये वार्षिक दर 9%, B3 मध्ये एकूण हप्ते 240, B4 मध्ये पहिल्या हप्त्याची तारीख आणि B5 मध्ये आपल्याला हव्या असलेल्या हप्त्याची तारीख लिहावी. A रकान्यात प्रत्येकाचे नाव लिहून ठेवावे, नाहीतर सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर कोणता आकडा कशाचा, हे आपल्यालाच आठवणार नाही. B6 मध्ये हप्त्याचा क्रमांक, B7 मध्ये व्याज आणि B8 मध्ये मुद्दल यावे, यासाठी पुढील तीन सूत्रे त्याच क्रमाने लिहावीत.

```
=(YEAR(B5)-YEAR(B4))*12+MONTH(B5)-MONTH(B4)+1
=-IPMT(B2/12,B6,B3,B1)
=-PPMT(B2/12,B6,B3,B1)
```

दोन्ही सूत्रांच्या कंसातला क्रम सारखाच आहे. आधी महिन्याचा दर, मग कितवा हप्ता, मग एकूण हप्ते आणि शेवटी कर्जाची रक्कम. आपल्या कर्जासाठी B6 मध्ये १७ येईल, कारण जुलै २०२३ हा पहिला महिना धरला की नोव्हेंबर २०२४ सतरावा ठरतो. B7 मध्ये १८,२७४.६५ आणि B8 मध्ये ४,२१८.५० येतील. नोव्हेंबर २०२४ च्या हप्त्याची हीच विभागणी आहे.

सूत्रापुढचे उणे चिन्ह केवळ सोयीसाठी आहे. एक्सेलमधली ही सगळी सूत्रे पैसा कोणत्या दिशेने जातो ते चिन्हाने दाखवतात. जो पैसा आपल्याकडे आला तो अधिक आणि जो आपल्याकडून गेला तो उणे. कर्जाचे २५ लाख आपल्याला मिळाले म्हणून ते अधिक लिहिले, की त्याचे हप्ते आपोआप उणे होतात आणि लाल दिसतात. त्यात चूक काहीच नसते. मी उणे चिन्ह सूत्राच्या सुरुवातीला लावतो, कर्जाच्या रकमेला लावत नाही. असे का, ते पुढे वर्षाची बेरीज करताना कळेल.

तारखांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी घ्यायलाच हवी. आपण ५ नोव्हेंबर ही तारीख 05/11/2024 अशी लिहिली आणि संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकन असली, तर एक्सेल ती ११ मे २०२४ अशी वाचते आणि 05/07/2023 ही पहिली तारीख ७ मे २०२३ होते. मग B6 मध्ये १७ ऐवजी १३ येतो, दोन्ही भागांची बेरीज तरीही हप्त्याइतकीच भरते आणि चूक कुठेही दिसत नाही. म्हणून तारीख 5-Nov-2024 अशी महिन्याच्या नावासह लिहावी किंवा सरळ =DATE(2024,11,5) असे सूत्र द्यावे. महिने मोजण्यासाठी काही जण DATEDIF वापरतात, पण ते फक्त पूर्ण झालेले महिने मोजते. हव्या त्या महिन्याची तारीख ५ ऐवजी १ नोव्हेंबर लिहिली, तर ते एक हप्ता मागे राहते. वर दिलेले सूत्र महिन्यातली तारीख पाहतच नाही आणि इथे आपल्याला तेच हवे आहे.

आलेला आकडा खरा आहे की नाही, हे सूत्रावर विश्वास न ठेवताही तपासता येते आणि एकदा तरी ते करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. घरकर्जाचे व्याज घटत्या शिलकीवर असते, म्हणजे या महिन्याचे व्याज हे मागच्या हप्त्यानंतर उरलेल्या मुद्दलावर एका महिन्याच्या दराने लावलेले असते. आपला महिन्याचा दर ०.७५ टक्के आहे. सोळा हप्त्यांत मिळून ६३,३८०.०५ रुपये मुद्दल फिटले, म्हणून बाकी २४,३६,६१९.९५ रुपये राहिली आणि तिचे ०.७५ टक्के म्हणजे १८,२७४.६५ रुपये. हप्ता २२,४९३.१५ रुपये असल्याने उरलेले ४,२१८.५० रुपये मुद्दलात गेले. हीच पडताळणी एका सूत्रात अशी लिहिता येते.

```
=(B1+CUMPRINC(B2/12,B3,B1,1,B6-1,0))*B2/12
```

CUMPRINC हे सूत्र पहिल्या हप्त्यापासून मागच्या हप्त्यापर्यंत फिटलेले एकूण मुद्दल उणे चिन्हाने देते. ते कर्जाच्या रकमेत मिळवले, की बाकी निघते. पहिल्या हप्त्यासाठी हे सूत्र चालणार नाही, कारण तेव्हा 'मागचा हप्ता' शून्यावा ठरतो आणि #NUM! येते. पहिल्या हप्त्याचे व्याज तसेही तोंडी निघते. २५ लाखांचे ०.७५ टक्के म्हणजे १८,७५० रुपये, आणि मुद्दलात फक्त ३,७४३.१५ रुपये.

या दोन भागांचे एकमेकांशी असलेले नाते एकदा समजले, की सूत्र चुकल्याचे लगेच लक्षात येते. सोळाव्या हप्त्यात ४,१८७.१० रुपये मुद्दल फिटले होते. तेवढी रक्कम बाकीतून कमी झाल्यामुळे सतराव्या महिन्यात तिच्यावरचे ०.७५ टक्के, म्हणजे ३१.४० रुपये व्याज कमी लागले. हप्ता बांधलेला असल्याने व्याजात वाचलेले हे ३१.४० रुपये मुद्दलाच्या बाजूला गेले आणि ४,१८७.१० चे ४,२१८.५० झाले. म्हणजे मुद्दलाचा भाग दर महिन्याला बरोबर ०.७५ टक्क्यांनी वाढत जातो. शेजारच्या दोन महिन्यांच्या PPMT चा भागाकार १.००७५ आला नाही, तर दरात किंवा त्या दोन महिन्यांच्या क्रमांकांत काहीतरी बिघडले आहे, असे खुशाल समजावे. ही वाढ सुरुवातीला फार हळू वाटते. दर ९ टक्केच राहिला असता, तर हप्त्यातला मुद्दलाचा भाग व्याजाच्या पुढे १४९ व्या हप्त्यात, म्हणजे नोव्हेंबर २०३५ मध्ये गेला असता. 'इतकी वर्षे हप्ते भरूनही बाकी कमी होत नाही' असे जे अनेकांना वाटते, त्याचे कारण एवढेच आहे. बँकेने त्यात काही लबाडी केलेली नसते.

एका महिन्याऐवजी संपूर्ण आर्थिक वर्षाची विभागणी हवी असेल, तर बारा वेळा IPMT लिहिण्याची गरज नाही. एप्रिल २०२४ हा आपला दहावा हप्ता आणि मार्च २०२५ हा एकविसावा. त्यामुळे व्याजाची आणि मुद्दलाची बेरीज पुढीलप्रमाणे निघते.

```
=-CUMIPMT(B2/12,B3,B1,10,21,0)
=-CUMPRINC(B2/12,B3,B1,10,21,0)
```

येथे कंसातला क्रम वेगळा आहे, हे ध्यानात घ्यावे. आधी दर, मग एकूण हप्ते, मग कर्जाची रक्कम आणि त्यानंतर पहिला व शेवटचा क्रमांक. शेवटचे शून्य म्हणजे हप्ता महिन्याच्या अखेरीस देय आहे. IPMT मध्ये ते सोडून दिले तरी चालते, पण CUMIPMT मध्ये ते द्यावेच लागते. आणि उणे चिन्हाबद्दल मी आधी जे बोललो, ते याच ठिकाणी उपयोगी पडते. IPMT मध्ये उत्तर अधिक यावे म्हणून काही जण कर्जाची रक्कम -B1 अशी देतात आणि तिथे ते चालून जाते. तीच सवय CUMIPMT ला लावली, की #NUM! येते, कारण त्याला कर्जाची रक्कम अधिकच लागते.

आपल्या कर्जावर २०२४-२५ या वर्षात व्याज २,१९,८४३.३५ रुपये आणि मुद्दल ५०,०७४.४४ रुपये होते. आयकराच्या जुन्या पद्धतीत राहणाऱ्यांसाठी हे आकडे बोलके आहेत. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाला, २०२४-२५ या वर्षासाठी लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २४(ब) खाली वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंतच वजावट मिळते. त्यामुळे आपल्या व्याजातले सुमारे १९,८४३ रुपये त्या मर्यादेच्या वर जातात. मुद्दलाचे ५०,०७४ रुपये कलम ८०क च्या दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत मोजले जातात. आपण नवी करपद्धती निवडली असेल, तर स्वतः राहत असलेल्या घरासाठी यांपैकी कोणतीच वजावट नाही, म्हणून त्या हेतूने ही विभागणी करत बसू नये. विवरणपत्रात मात्र बँकेच्या व्याज प्रमाणपत्रातलेच आकडे घालावेत. आपले गणित ते प्रमाणपत्र तपासण्यासाठी आहे.

आता दर बदलल्यानंतरचा प्रश्न. माझ्या मते आपल्या पत्रातला महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण चुका सर्वांत जास्त इथेच होतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ६.५० टक्क्यांवर नेला आणि तो पुढची दोन वर्षे तिथेच राहिला. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी तो ६.२५ टक्के झाला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली तरत्या दराची नवी घरकर्जे अशा बाह्य मापदंडाला जोडलेली असतात आणि त्यांचा दर तीन महिन्यांतून किमान एकदा नव्याने ठरवावा लागतो. आपल्या बँकेने एप्रिलपासून पाव टक्का कमी केला, तो याच हिशेबाने केलेला दिसतो. त्यामुळे जुलै २०२३ ते मार्च २०२५ हे एकवीस हप्ते एकाच दराने गेले आणि नोव्हेंबर २०२४ चे उत्तर सरळ सूत्राने मिळाले.

एप्रिलच्या हप्त्यासाठी मात्र B2 मध्ये 9% खोडून 8.75% लिहिले आणि क्रमांक २२ दिला, तर उत्तर चुकते. IPMT ला मागचा इतिहास ठाऊक नसतो. आपण जो दर द्याल, तो कर्ज घेतल्याच्या दिवसापासून लागू होता, असे ते धरून चालते. म्हणजे आधीचे एकवीस हप्तेही ८.७५ टक्क्यांनीच गेले, असे मानून ते वेगळी बाकी आणि वेगळा हप्ता मनाशी ठरवते. त्याने दिलेले व्याज १७,५९२.३६ रुपये आणि मुद्दल ४,५००.४१ रुपये. व्याजात फरक फक्त अठरा-एकोणीस रुपयांचा असल्यामुळे तो नजरेला खटकतही नाही. पण दोन्हींची बेरीज करून पाहावी. ती २२,०९२.७७ रुपये भरते आणि आपल्या खात्यातून तर २२,४९३ रुपये गेले आहेत. ही बेरजेची परीक्षा प्रत्येक महिन्याला लावावी. विभागणीतले दोन भाग मिळून प्रत्यक्ष हप्त्याइतके होत नसतील, तर त्यांतला एकही भाग वापरण्याजोगा नाही.

योग्य रीत अशी की दर बदलला त्या दिवशी जुने कर्ज संपले आणि उरलेल्या बाकीचे नवे कर्ज सुरू झाले, असे मानायचे. त्यासाठी शेजारचा C रकाना घ्यावा. C1 मध्ये मार्च २०२५ चा हप्ता गेल्यानंतरची बाकी लिहावी. सूत्राप्रमाणे ती २४,१५,२०८.६८ रुपये येते, पण बँकेच्या कर्जखात्याच्या उताऱ्यावर जी रक्कम असेल तीच लिहिणे उत्तम. C2 मध्ये 8.75%, C4 मध्ये एप्रिल २०२५ च्या हप्त्याची तारीख आणि C5 मध्ये हवी ती तारीख लिहून B रकान्यातली तिन्ही सूत्रे, त्यांतल्या प्रत्येक B च्या जागी C घालून, C6 ते C8 मध्ये उतरवावीत. एप्रिल २०२५ चा हप्ता आता बाविसावा राहत नाही. नव्या मोजणीत तो पहिला होतो.

C3 मध्ये किती हप्ते लिहायचे, हे बँकेने काय केले त्यावर अवलंबून आहे. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला असता, तर तिथे २४० वजा २१ म्हणजे २१९ लिहायचे होते. आपल्या बँकेने हप्ता तोच ठेवला आहे, म्हणजे मुदत कमी झाली आहे, आणि ती किती झाली ते NPER सांगते.

```
=NPER(C2/12,-22493,C1)
```

हप्ता आपल्याकडून जातो म्हणून येथे तो उणे आणि बाकी अधिक लिहिली आहे. उत्तर सुमारे २१०.२७ येते. म्हणजे २१० पूर्ण हप्ते आणि शेवटचा एक लहानसा हप्ता. २१९ ऐवजी २११, म्हणजे आठ हप्ते वाचले. हा अपूर्णांक पाहून तो २११ असा पूर्ण करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. C3 मध्ये २११ लिहिले, तर सूत्र सर्व २११ हप्ते समान करण्यासाठी हप्ता सुमारे २२,४६० रुपयांवर आणते आणि मुद्दलाचा भाग दर महिन्याला तेहतीस रुपयांनी चुकतो. NPER चे उत्तर न गोलवता C3 मध्ये तसेच राहू दिले, की विभागणी बरोबर २२,४९३ रुपयांची होते. एप्रिल २०२५ साठी व्याज १७,६१०.९० आणि मुद्दल ४,८८२.१०, तर जून २०२५ साठी, म्हणजे नव्या मोजणीतल्या तिसऱ्या हप्त्यासाठी, व्याज १७,५३९.४४ आणि मुद्दल ४,९५३.५६. मार्चपर्यंत मुद्दलाचा भाग महिन्याला तीस-बत्तीस रुपयांनीच वाढत होता. एप्रिलमध्ये त्याने एकदम पाचशे रुपयांहून मोठी उडी घेतली, ती दर कमी होऊनही हप्ता तसाच ठेवल्यामुळे.

यानंतर दर पुन्हा बदलेल, किंवा आपण मध्येच लाखभर रुपये मुद्दलापोटी भराल, तेव्हाही हेच करायचे. त्या दिवशीची बाकी घेऊन पुढचा रकाना, नवी मोजणी. रिझर्व्ह बँकेने एप्रिल आणि जून २०२५ मध्येही रेपो दर कमी केला, तेव्हा आपल्या कर्जाला D रकाना लवकरच लागेल, असे समजून जागा सोडून ठेवावी. जुने रकाने पुसू नयेत, कारण आर्थिक वर्षाची बेरीज करताना वर्षाचे काही महिने एका रकान्यातून आणि काही दुसऱ्यातून घ्यावे लागतात. CUMIPMT ला एका वेळी एकच कर्ज कळते.

एवढे सगळे बरोबर केल्यावरही बँकेच्या उताऱ्यावरचा नोव्हेंबरचा आकडा १८,२७४.६५ नसण्याचा संभव आहे, आणि तो का नाही हे फरकाच्या आकारावरून ओळखता येते. फरक काही पैशांचा असेल, तर तो गोळाबेरजेचा आहे. सूत्राने मानलेला हप्ता २२,४९३.१५ रुपये आहे आणि बँक २२,४९३ घेते. या पंधरा पैशांमुळे सोळा महिन्यांत बाकी अडीच रुपयांनी जास्त राहते आणि सतराव्या महिन्याच्या व्याजात दोन पैशांचा फरक पडतो. बँकेच्याच हप्त्याने गणित करून पाहायचे असेल, तर हे सूत्र १८,२७४.६७ असे उत्तर देते.

```
=FV(9%/12,16,22493,-2500000)*9%/12
```

फरक शेकड्यांत असेल आणि कधी अधिक तर कधी उणे पडत असेल, तर बँक व्याज दिवसांवर मोजते, असे समजावे. अनेक बँका रोजच्या बाकीवर व्याज लावतात. ५ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर हे ३१ दिवस होतात, आणि २४,३६,६१९.९५ रुपयांवर ९ टक्क्यांनी ३१ दिवसांचे व्याज, वर्षाचे ३६५ दिवस धरून, १८,६२५.१२ रुपये येते. सूत्रापेक्षा ते साडेतीनशे रुपयांनी जास्त आहे. ३० दिवसांच्या महिन्यात ते १८,०२४.३१ इतके, म्हणजे सूत्रापेक्षा अडीचशेने कमी येते, आणि फेब्रुवारीच्या २८ दिवसांना तर १६,८२२.६९ इतकेच. IPMT बारा महिने सारखे धरते, त्यामुळे महिन्याचा आकडा जुळत नाही. बारा महिन्यांची बेरीज मात्र जवळपास जुळते, आणि म्हणून दिवसांवर व्याज मोजणाऱ्या बँकेशी पडताळणी करताना एकेका महिन्याऐवजी वर्षाचे आकडे समोरासमोर ठेवणे शहाणपणाचे असते. एखाद्या विशिष्ट महिन्याचाच हिशेब हवा असेल, तर त्या बँकेसाठी IPMT सोडून द्यावे आणि बाकी, दर व दिवस यांचा सरळ गुणाकार करावा.

फरक दर महिन्याला हजारांत असेल किंवा एकाच दिशेने वाढत जात असेल, तर कारण बहुधा सुरुवातीलाच असते. आपले २५ लाख एकाच दिवशी, म्हणजे पहिल्या हप्त्याच्या बरोबर एक महिना आधी, मिळाले असे हे सूत्र गृहीत धरते. इमारतीच्या कामाप्रमाणे रक्कम टप्प्याटप्प्याने दिली गेली असेल, तर पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत केवळ व्याज घेतले जाते आणि त्या महिन्यांना हे सूत्र लागूच होत नाही. घरकर्जासोबत विम्याचा हप्ताही कर्जात मिळवला गेला असेल, तर B1 मधली रक्कम २५ लाख नसतेच. मंजुरीपत्र आणि कर्जखात्याच्या उताऱ्याची पहिली ओळ शेजारी ठेवली, की हे दोन्ही उघड होते. तसे काही आढळले, तर बँकेकडून पहिल्या पूर्ण हप्त्याआधीची बाकी लेखी मागून घ्यावी, B1 मध्ये ती लिहावी आणि B4 मध्ये त्या पूर्ण हप्त्याची तारीख घालावी. बाकीची सूत्रे बदलावी लागणार नाहीत.